बाराशेच्या भिंतीखाली अडकलेला शेअर आणि कॉल स्प्रेडचा हिशोब

प्रश्न : एक शेअर गेले चार महिने १२०० च्या वर टिकत नाहीये. तीनदा ११९५ ते १२०५ च्या पट्ट्यात गेला आणि परत फिरला. आज भाव ११६४ आहे, लॉट ५०० चा, एक्स्पायरीला २४ दिवस आहेत. १२०० चा कॉल १९ रुपयांना विकून १२४० चा कॉल साडेआठ रुपयांना घ्यायचा विचार आहे. मित्र म्हणतो, तोटा बांधलेला असतो, एक्स्पायरीपर्यंत बघायचंसुद्धा नाही. हे खरं आहे का? माझ्याकडे एक लाख रुपये आहेत. किती लॉट करावेत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी तुमच्याच आकड्यांचा हिशोब करू. १९ रुपये आले, साडेआठ गेले, हातात राहिले १०.५०. याला क्रेडिट म्हणतात, आणि तुमचा जास्तीत जास्त नफा एवढाच : ५०० च्या लॉटवर ५२५० रुपये. एक्स्पायरीला भाव १२०० किंवा त्याखाली असेल तर दोन्ही कॉल शून्य होतात आणि ही रक्कम पूर्ण तुमची. भाव १२४० च्या वर कितीही गेला तरी दोन स्ट्राइकमधलं अंतर ४० रुपयेच राहतं. त्यातून आधीच मिळालेले १०.५० वजा केले की कमाल तोटा २९.५० रुपये, लॉटला १४,७५०. ब्रेकईव्हन काढायला विकलेल्या स्ट्राइकमध्ये क्रेडिट मिळवायचं : १२१०.५०. म्हणजे भाव बाराशेच्या वर साडेदहा रुपये गेला तरी एक्स्पायरीला तुम्ही खिशातून काही देत नाही.

गणित एवढंच आहे आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. चुकते आहे ती स्ट्राइकची निवड.

शेअर तीनदा ११९५ ते १२०५ च्या पट्ट्यात जाऊन परत आला, असं तुम्हीच लिहिलं आहे. मग चौथ्यांदाही तो तिथपर्यंत जाईल हे गृहीत धरायला हवं. तुमचा अंदाज 'शेअर बाराशेला जाणार नाही' असा नाहीच, 'बाराशेच्या वर टिकणार नाही' असा आहे. या दोन अंदाजांसाठी स्ट्राइक वेगवेगळ्या लागतात. १२०० चा कॉल विकला की शेअर नेहमीच्या सवयीने १२०३ पर्यंत येईल, तुमचा अंदाज अजून बरोबरच असेल, आणि तरीही स्क्रीनवर तोटा दिसेल. एक्स्पायरीला दहा दिवस असताना भाव १२०३ असेल आणि वोलॅटिलिटी आजच्यासारखीच, म्हणजे २६ टक्क्यांच्या आसपास असेल, तर हा स्प्रेड, म्हणजे दोन कॉलच्या भावांतला फरक, साधारण साडेपंधरा रुपयांचा होईल. विकला साडेदहाला, म्हणजे लॉटमागे अडीच हजार रुपये उणे. बहुतेक लोक याच जागी घाबरून बाहेर पडतात आणि दुसऱ्या दिवशी शेअर ११८० वर दिसतो.

म्हणून विकायची स्ट्राइक रेझिस्टन्सच्या पट्ट्याच्या वर ठेवावी. तुमच्या शेअरमध्ये ती १२२०. पट्टा १२०५ ला संपतो, त्याच्या वर पंधरा रुपयांची मोकळी जागा राहते. संरक्षणाला १२६० चा कॉल घ्यावा. तुम्ही दिलेल्या भावांवरून १२२० चा कॉल १३ च्या आणि १२६० चा साडेपाचच्या आसपास असायला हवा. खात्री मात्र ऑप्शन चेनवर करा. हे भाव धरले तर :

क्रेडिट : १३ − ५.५० = ७.५० रुपये (लॉटला ३७५०)
कमाल तोटा : ४० − ७.५० = ३२.५० रुपये (लॉटला १६,२५०)
ब्रेकईव्हन : १२२० + ७.५० = १२२७.५०

क्रेडिट तीन रुपयांनी घटलं, कमाल तोटा तेवढाच वाढला आणि ब्रेकईव्हन १७ रुपये वर सरकला. कागदावर हा सौदा तुमच्यापेक्षा वाईट दिसतो. पण तोच १२०३ चा प्रसंग इथे लावून बघा. दहा दिवस उरले असताना हा स्प्रेड साधारण १०.२० रुपयांचा असेल, म्हणजे तोटा साडेतेराशेच्या घरात, तुमच्या रचनेच्या जवळपास निम्मा. रेझिस्टन्सला काम करायला जागा मिळते ती अशी.

आता 'तोटा बांधलेला आहे' या वाक्याकडे जरा नीट बघू, कारण ते अर्धंच खरं आहे. १६,२५० ला ३७५० ने भागलं तर सव्वाचारच्या थोडं वर येतं. म्हणजे एक पूर्ण तोटा चार पूर्ण नफे खाऊन वर थोडा उरतो. १२२० च्या कॉलचा डेल्टा आज ०.२७ च्या आसपास असेल. ढोबळ अर्थ असा की, एक्स्पायरीला भाव १२२० च्या वर असण्याची शक्यता बाजार चारात एक इतकी धरतो. ब्रेकईव्हनच्या खाली बंद होण्याची शक्यता साधारण ७८ टक्के. ७८ टक्के ऐकायला छान वाटतात, पण नफा लहान आणि तोटा मोठा धरला की हिशोब जवळजवळ बरोबरीत सुटतो. प्रीमियमचा भाव ठरतानाच बाजाराने ही शक्यता मोजलेली असते. फक्त 'जिंकण्याची शक्यता जास्त' म्हणून कॉल स्प्रेड विकणाऱ्याला वर्षाअखेरीस ब्रोकरेज तेवढं भरलेलं दिसतं.

तुमची बाजू वरचढ होण्याच्या जागा दोनच. एक, तो पट्टा खरोखर विक्रीचा पट्टा असेल, म्हणजे तिन्ही वेळा परत फिरताना व्हॉल्यूम वाढलेला असेल, तर बाजाराच्या अंदाजापेक्षा तुमचा अंदाज थोडा उजवा ठरतो. कमी व्हॉल्यूममध्ये सुस्तपणे परत आलेला शेअर ही भिंत नव्हे, तो नुसता थकलेला असतो. दोन, पूर्ण तोटा होईपर्यंत तुम्ही थांबलाच नाहीत, तर सव्वाचारास एक हे गुणोत्तर खाली येतं. मित्राचा 'बघायचंसुद्धा नाही' हा सल्ला ही दुसरी जागा गमावून बसतो.

बाहेर कधी पडायचं ते सौदा करायच्या आधी लिहून ठेवा. तोट्याच्या बाजूला दोन खुणा पुरतात. पहिली चार्टवरची : दिवसअखेरचा बंद भाव १२०५ च्या वर आला आणि त्या दिवशीचा व्हॉल्यूम नेहमीपेक्षा ठळक जास्त असला, तर ज्या कारणासाठी सौदा केला ते कारण संपलं. दिवसभरात १२१० ला शिवून ११९६ ला बंद झाला तर हात लावू नका. दुसरी खूण स्प्रेडच्या भावाची : साडेसातला विकलेला स्प्रेड १५ झाला की बंद. आजचीच वोलॅटिलिटी धरली तर दहा दिवस उरले असताना ही पातळी भाव १२२२ च्या आसपास असताना येते. तोटा ३७५०, म्हणजे एका पूर्ण नफ्याएवढा. यानंतर 'आता परत येईल' म्हणून थांबणाऱ्याचा सौदा बदललेला असतो. आधी तो अडकलेल्या शेअरवर पैज लावत होता, आता भिंत फोडून निघालेल्या शेअरसमोर उभा आहे.

नफ्याच्या बाजूला मोह वेगळा असतो. शेअर आहे तिथेच, ११६४ वर राहिला तर दहा दिवस उरले असताना स्प्रेड तीन रुपयांच्या आसपास येतो आणि सात दिवस उरले असताना पावणेदोनला. तोपर्यंत साडेसातपैकी पावणेसहा रुपये, लॉटला २८७५, कमावून झालेले असतात. उरलेल्या ८७५ रुपयांसाठी आणखी आठवडाभर १६ हजारांची जोखीम उघडी ठेवायची का, हा प्रश्न तेव्हा स्वतःला विचारा. माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि त्याला पैशांहून मोठं कारण आहे : प्रत्यक्ष डिलिव्हरी.

भारतात शेअरवरचे सगळे फ्युचर्स आणि ऑप्शन्स ऑक्टोबर २०१९ च्या एक्स्पायरीपासून प्रत्यक्ष डिलिव्हरीने निकाली निघतात. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये फक्त पैशांचा फरक मिळतो, इथे शेअर द्यावे-घ्यावे लागतात. एक्स्पायरीला भाव १२०८ असेल तर प्रश्न नाही, दोन्ही कॉल निकामी. १२७५ असेल तरी डिलिव्हरीच्या बाजूने अडचण नाही : १२६० ने ५०० शेअर घेण्याचा हक्क आणि १२२० ने ५०० देण्याचं बंधन एकमेकांत वळते होतात, आणि तुम्ही कमाल तोटा भरून मोकळे. घात मधल्या पट्ट्यात आहे. समजा भाव १२३५ ला बंद झाला. तुमचा विकलेला १२२० चा कॉल आत आला, १२६० चा कॉल मात्र रद्दी झाला. कागदावर तोटा १५ वजा साडेसात, म्हणजे लॉटला ३७५० एवढाच. पण आता तुम्हाला ५०० शेअर द्यायचे आहेत, म्हणजे सहा लाखांवरचा माल, आणि डीमॅटमध्ये एकही नाही. शेअर दिले नाहीत तर ऑक्शन होतं, तिथे ज्या भावाने मिळतील त्या भावाने घेतले जातात आणि फरक व दंड तुमच्या नावावर पडतो. तोवर तुमचा १२६० चा छप्पर-कॉल संपलेला असतो. 'तोटा बांधलेला' हे वाक्य इथे खोटं ठरतं.

त्यामुळे एक्स्पायरीपर्यंत थांबायचंच नाही. एनएसईवर शेअर ऑप्शनची एक्स्पायरी सप्टेंबर २०२५ पासून महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते, म्हणजे आधी शनिवार-रविवार येतो. त्यापूर्वीच्या गुरुवारी किंवा फार तर शुक्रवारी दोन्ही लेग, म्हणजे विकलेला आणि घेतलेला कॉल, बंद करावेत, नफा असो वा तोटा. शेवटच्या दिवसांत बरेच ब्रोकर शेअर ऑप्शनमध्ये नवे सौदे घेत नाहीत, मार्जिन वाढवतात किंवा स्वतःच पोझिशन कापतात. त्यांनी कापलेल्या भावावर तुमचं काही चालत नाही. (परदेशी लिखाणात डिव्हिडंडच्या आधी कॉल लवकर वापरला जाण्याची भीती घातलेली असते. तिची काळजी करू नका. आपल्याकडचे शेअर ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, एक्स्पायरीच्या आधी कोणी ते वापरू शकत नाही.)

ऑर्डर टाकण्याचा क्रमही नेमका हवा. आधी १२६० चा कॉल घ्यायचा, तो हातात आला की मगच १२२० चा विकायचा. उलटं केलं तर मधल्या वेळेपुरती ती उघडी विक्री ठरते, सिस्टीम पूर्ण मार्जिन मागते आणि पैसे कमी पडले तर ऑर्डर नाकारली जाते. बाहेर पडताना क्रम उलटा : आधी विकलेला १२२० परत घ्यायचा, मग १२६० विकायचा. शेअर वर पळत असताना एक चूक हमखास होते. १२६० चा कॉल नफ्यात दिसतो, म्हणून तो विकून 'थोडा तोटा भरून काढावा' असं वाटतं. तसं केलं की खाली उघडा विकलेला कॉल उरतो, मार्जिन एकदम वाढतं आणि बांधलेला तोटा मोकळा सुटतो. लेग एकटा बंद करायचाच असेल तर फक्त विकलेला. घेतलेला एकटा विकायचा नाही.

मार्केट ऑर्डर अजिबात नको. निफ्टीत चालून जातं, शेअर ऑप्शनमध्ये दूरच्या स्ट्राइकला बिड आणि आस्कमध्ये, म्हणजे घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात, दीड-दोन रुपयांचं अंतर सहज असतं. तुम्ही लिहिलेले १९ आणि साडेआठ हे बहुधा शेवटच्या व्यवहाराचे भाव आहेत. १२४० चा शेवटचा व्यवहार सकाळी साडेनऊला झालेला असू शकतो. क्रेडिट मोजताना विकायच्या कॉलचा बिड आणि घ्यायच्या कॉलचा आस्क धरा. समजा १२२० चा बिड १२.४० आणि १२६० चा आस्क ६.१० निघाला, तर साडेसातच्या जागी ६.३० हातात येतात आणि कमाल तोटा ३३.७० होतो. बाहेर पडतानाही हीच गळती पुन्हा होते. मधल्या भावाला लिमिट ऑर्डर लावून थांबा. क्रेडिट साडेसहाच्या खाली जात असेल, म्हणजे ४० च्या अंतराचा साधारण सहावा भागही मिळत नसेल, तर सौदा सोडून द्या.

अंतर कमी करून १२२०-१२४० करावं, असंही काही जण सुचवतील. कमाल तोटा कमी होतो हे खरं, पण क्रेडिट साडेचारवर येतं. चार ऑर्डरींचं ब्रोकरेज, जीएसटी, एसटीटी आणि बाकीचे आकार मिळून ऑर्डरला २० रुपये घेणाऱ्या ब्रोकरकडेही सव्वाशेच्या आसपास जातात, आणि बिड-आस्कची गळती तेवढीच राहते. एका लॉटला ते पटत नाही.

दोन तारखा बघितल्याशिवाय मात्र काहीच करू नका. पहिली, कंपनीच्या तिमाही निकालांची. ती या २४ दिवसांत येत असेल तर हा सौदा माझ्या मते बाद. चार महिन्यांची भिंत निकालाच्या दुसऱ्या सकाळी सव्वानऊला गॅपने ओलांडली जाते, शेअर उघडतोच १२५० ला, आणि मग तुमच्या दोन्ही खुणांना अर्थ उरत नाही, थेट ३७५० च्या बऱ्याच पुढच्या तोट्यात पोचता. निकालाच्या आधी प्रीमियम फुगलेलं दिसतं आणि क्रेडिट आकर्षक वाटतं. ते फुगलेलं असतं याच कारणासाठी. दुसरी तारीख म्हणजे बोनस, बायबॅक वगैरेंसाठी बोलावलेल्या बोर्ड मीटिंगची. ती एक्स्चेंजच्या साइटवर कंपनीच्या घोषणांमध्ये सापडते. शेअर एफ अँड ओ बॅनच्या यादीत आहे का, किंवा तिथे जायच्या बेतात आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्या. बॅनमध्ये नवी पोझिशन घेता येत नाही, फक्त कमी करता येते, आणि बिड-आस्क आणखी फाकतात.

राहिला लॉटचा प्रश्न. एक लाखात एकच. कमाल तोटा १६,२५० असला तरी ब्रोकर तेवढेच पैसे अडकवत नाही. विकलेल्या लेगवर एक्स्पोझर मार्जिनही लागतं, त्यामुळे सहा लाखांच्या आसपासच्या या काँट्रॅक्टवर अडकणारी रक्कम कमाल तोट्याच्या दुपटीच्या वर जाऊ शकते. नेमका आकडा ब्रोकरच्या मार्जिन कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही लेग एकत्र टाकून बघा. तो ४० हजारांच्या आसपास दिसला की दोन लॉट बसतात असं वाटेल. पण दोन लॉटचा कमाल तोटा ३२,५०० होतो, म्हणजे एका सौद्यात भांडवलाचा तिसरा हिस्सा. एका लॉटला तो १६ टक्क्यांवर राहतो. तेही माझ्या मते जरा जास्तच आहे, पण शेअर ऑप्शनमध्ये अर्धा लॉट मिळत नाही. ३७५० ची खूण पाळलीत तर प्रत्यक्ष धक्का चार टक्क्यांच्या आत राहील. आणि मधल्या काळात शेअर ११३० पर्यंत घसरून स्प्रेड दहा दिवसांतच रुपया-दीड रुपयावर आला, तर एक्स्पायरी दोन आठवडे लांब आहे म्हणून वाट बघू नका, त्याच दिवशी दोन्ही लेग उचलून टाका. तिथून शेअर परत बाराशेकडे यायला लागला, तर तेव्हाची ऑप्शन चेन बघून नव्याने हिशोब मांडता येईल.